दोनशे चाळीस टन कुठे गेले

सप्टेंबर संपला तेव्हा आमच्या फाउंड्रीचा तिमाहीचा आकडा २,१६० टनांवर थांबला. ठरवला होता २,४००. आमचा कारखाना कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. काम ग्रे आयर्न कास्टिंगचं, म्हणजे ट्रॅक्टरचे आणि पंपांचे भाग. प्लॅनिंग माझ्याकडे असल्यामुळे आकडा हुकला की तो सगळ्यांना कळवायचं कामही माझ्याच टेबलावर येतं.

एरवी असा मेसेज दोन ओळींचा असतो. या वेळीही साहेबांनी मजकूर तयार ठेवला होता: 'टार्गेट चुकलं आहे. पुढच्या तिमाहीत सर्वांनी जोर लावावा. कोणतीही सबब चालणार नाही.' मी त्यांना म्हटलं, हा वाचून मोल्डिंग लाइनवरच्या माणसानं उद्या सकाळी वेगळं काय करायचं ते कुठं लिहिलंय? ते म्हणाले, मग तुम्ही लिहा, पण लवकर. दसरा तोंडावर होता आणि दिवाळीच्या बोनसची कुजबुज कँटीनमध्ये सुरू झाली होती. मेसेज लांबला असता, तर तो काय असेल याचे अंदाज आधी पसरले असते.

पहिलं काम केलं ते लिहायचं नाही, विचारायचं. चारही विभागांच्या प्रमुखांना एकच प्रश्न: तुमच्या मते टन कुठे कमी पडले आणि किती? 'किती' हा शब्द महत्त्वाचा होता. कारण विचारलं की सगळे 'पाऊस' म्हणतात. टन विचारले की माणूस कागद काढतो.

डिस्पॅचनं सांगितलं, साठ टन. ऑगस्टमध्ये पंचगंगेला पाणी चढलं, राजाराम बंधाऱ्यावर पातळी ४३ फुटांच्या, म्हणजे धोक्याच्या खुणेच्या वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं. पुण्याकडे जाणारा आमचा सगळा माल त्याच रस्त्यानं जातो. दोन दिवस गाड्या उभ्या राहिल्या. दिवसाला साधारण तीस टन जातात, म्हणून साठ. क्वालिटीनं सांगितलं, रिजेक्शन चार टक्के धरलं होतं, ते सात टक्के झालं. सुमारे २,३२० टन ओतले, त्यावर तीन टक्के जादा, म्हणजे सत्तर टन. मार्केटिंग म्हणालं, एका मोठ्या ग्राहकानं ऑगस्टपासून शेड्यूल कापलं, साठ टन. डेव्हलपमेंटच्या माणसानं जरा चाचरत शंभर टन सांगितले. नवा भाग जुलैपासून महिन्याला चाळीस टन जाईल असं धरलं होतं. प्रत्यक्षात ग्राहकाची सॅम्पल मंजुरी सप्टेंबरच्या मध्याला आली आणि वीस टन गेले.

बेरीज झाली २९०. कमी पडलेत २४०. पन्नास टन जास्तीचे आले होते, म्हणजे कुणीतरी न हरवलेला माल हरवला म्हणून मोजला होता. अशा बेरजेत आकडा जास्त आला की मला बरं वाटतं, कारण चूक शोधता येते. कमी आला असता, तर एखादं कारण कुणी बोललंच नाही असं समजायला लागलं असतं.

चूक रस्त्याच्या साठ टनांत होती. गाड्या दोन दिवस थांबल्या हे खरं, पण कास्टिंग यार्डात तयार पडलेले होते आणि रस्ता खुला झाल्यावर पुढच्या आठवड्यात जादा गाड्या लावून ते निघून गेले. डिस्पॅच रजिस्टरमध्ये त्या आठवड्याचा आकडा नेहमीपेक्षा फुगलेला दिसत होता. तिमाही त्यानंतर महिनाभर चालू होती, त्यामुळे उशिरा गेलेला माल तिमाहीच्या आतच गेला. खरोखर हातचे गेले ते दहा टन. एका ग्राहकाला थांबता येत नव्हतं, त्यानं तेवढे दुसरीकडून उचलले. हेच पाणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चढलं असतं, तर पुरते साठ मोजावे लागले असते. आमच्याकडे नुकसान तारखेवर ठरतं, हे लोकांच्या लक्षात राहत नाही.

म्हणजे शंभर, सत्तर, साठ आणि दहा. पावसाच्या नावावर सगळं खपवायला निघालेल्या तिमाहीत रस्त्याच्या वाट्याला फक्त दहा टन आले. हा कागद दाखवल्यावर डिस्पॅचचा पोरगा नाराज झाला. त्याला वाटलं, त्यानं पुरात केलेल्या धावपळीची किंमत मी कमी करतेय. उलट त्या धावपळीमुळेच साठाचे दहा झाले होते. तसं मी मेसेजमध्ये लिहायचं ठरवलं.

आता सत्तर टन. क्वालिटीच्या अहवालात कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'ब्लो होल, पावसाळी ओलावा.' एवढंच कळवून मी मोकळी झाले असते, तर पुढची पायरी काय लिहिणार? पाऊस कमी पाडा? मी रिजेक्ट झालेले कास्टिंग बघायला यार्डात गेले. यातले बरेच आमच्याकडे चांगले म्हणून पास झालेले आणि ग्राहकाकडे मशिनिंगला गेल्यावर उघडे पडलेले होते. वरची कातडी निघाली की आतली भोकं दिसतात. भोकाच्या आतली भिंत गुळगुळीत, चकचकीत असेल तर तो वायूचा प्रताप. खडबडीत, दाणेदार असेल तर धातू आकसताना पुरेसा पोचला नाही, ते श्रिंकेज. भोकात वाळू असेल तर साचा खचलेला. आमची भोकं गुळगुळीत होती.

वायू आला कुठून? साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालं असेल तर भोकं सगळीकडे विखुरतात, विशेषतः वरच्या पेटीकडच्या पृष्ठभागाखाली. इथं मात्र दहातल्या आठ कास्टिंगमध्ये ती आतल्या पोकळीच्या बाजूला होती, म्हणजे पोकळी घडवायला साच्यात जो वाळूचा गाभा ठेवतात त्या कोअरला लागून. सँड लॅबचं रजिस्टर उघडलं तर वाळूतला ओलावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आमच्या मर्यादेतच. बोट कोअर शॉपकडे जात होतं.

कोअर शॉपमध्ये हे कोअर बॉक्समध्ये, म्हणजे त्यांच्या साच्यात, बनतात. तिथले सुपरवायझर आण्णा. वयानं माझ्या वडिलांएवढे. मी गेले तेव्हा ते रॅकजवळ उभे होते.

"आण्णा, हे कोअर कधीचे?"

"हे व्हय? सोमवारचे."

शुक्रवार होता.

"एवढे दिवस पडून का?"

"मॅडम, एक सांगू का. बॉक्स बदलायला पाऊण तास जातोय. शिफ्टला किती कोअर झाले ते बोर्डावर तुम्हीच लिवता. रोज बॉक्स बदलत बसलो तर आकडा पडतोय, आन् पोरांचा इन्सेन्टिव्ह जातोय. मग एका बॉक्सवर चार दिसांचे काढून ठेवतो. उन्हाळ्यात काय होत न्हाई त्यास्नी."

त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं. आमचे कोअर कोल्ड बॉक्स पद्धतीचे, वाळू आणि रेझिन मिसळून अमाइन वायूनं घट्ट केलेले. कोरड्या हवेत ते चार दिवस तग धरतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघड्या रॅकवर ठेवले की ते ओलावा ओढतात आणि कमकुवत होतात. मग सुमारे १,४०० अंशांचा धातू त्यांच्याभोवती आला की त्या ओलाव्याची वाफ होते. वाफेला बाहेर जायला वाट सापडली नाही तर ती धातूत शिरते, आणि धातू गोठला की तिचा बुडबुडा तिथंच अडकतो. पाऊस होताच, पण तो कोअरला लागला होता रॅकवर. आणि रॅक भरलेले होते ते आमच्या बोर्डावरच्या आकड्यामुळे. कोअर शॉपचं माप 'शिफ्टला किती बनवले' हे होतं. 'किती वापरले गेले' हे कुणी मोजत नव्हतं.

एवढं ऐकून मेसेज लिहायला बसायचा मोह झाला. पण हा अजून अंदाजच होता, आणि तो चुकला असता तर चाळीस माणसांसमोर कोअर शॉपचं नाव विनाकारण खराब झालं असतं. म्हणून एकाच हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या एकाच वितळणीत, वीस साचे ताज्या कोअरचे आणि वीस चार दिवसांच्या कोअरचे ओतले. जुन्या कोअरच्या कास्टिंगवर पिवळा रंग मारला. ग्राहकाकडून मशिनिंगचा अहवाल यायला तीन आठवडे लागतात. तेवढा वेळ नव्हता, म्हणून चाळीसही कास्टिंग उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे नेऊन कोअरच्या बाजूनं घासून घेतले. ताज्यांत एक फसला, पिवळ्यांत पाच. चाळीस नग हा काही मोठा पुरावा नव्हे, हे क्वालिटीवाल्यानं लगेच सुनावलं, आणि तो बरोबर होता. तरी भोकांची जागा, वाळूचं रजिस्टर आणि हे चाळीस नग, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. मेसेजमध्ये 'मुख्य कारण' लिहायला मला एवढं पुरेसं वाटलं. 'एकमेव कारण' मी लिहिलं नाही.

शंभर टनांची अडचण वेगळीच. त्यात कारखान्यातल्या कुणाचाही हात नव्हता. सॅम्पल वेळेवर गेले होते, मोजमापाचे दोन शेरे आले, ते दुरुस्त करून परत पाठवले, ग्राहकानं त्याच्या वेळेनं मंजुरी दिली. यात विशेष काही नाही, नव्या भागाचं असंच होतं. मंजुरीचं पत्र हातात नसताना तो माल जुलैपासूनच्या टार्गेटमध्ये धरला गेला, तिथं गफलत होती. ते ठरलं होतं वरच्या मीटिंगमध्ये. हे लिहिलं नाही, तर शंभर टनांचा हिशेब लोक आपल्याच अंगावर घेणार. लिहिलं, तर साहेब काय म्हणतील ते माहीत होतं.

साहेबांनी मसुदा वाचला आणि म्हणाले, "शंभर टन ऑफिसच्या खात्यावर टाकताय होय?"

मी म्हटलं, "नाही टाकले तर खालच्या सगळ्या ओळींवरचा विश्वास जाईल. मंजुरी कधी आली हे डेव्हलपमेंटच्या सगळ्या पोरांना माहीत आहे."

बराच वेळ ते कागद बघत राहिले. मग 'चुकीचा अंदाज' हे शब्द खोडून 'घाईचा अंदाज' लिहिलं आणि कागद परत दिला. मला तो बदल आवडला. जास्त नेमका होता.

साहेबांची आणखी एक सूचना होती, ती मात्र मी मानली नाही. ऑक्टोबरचे काही कास्टिंग ३० सप्टेंबरच्या तारखेनं बिल करून आकडा थोडा वर न्यायचा. हे बऱ्याच ठिकाणी चालतं. माल फाटकाच्या आत आणि बिल बाहेर. पुढच्या तिमाहीत तेवढेच टन कमी दिसतात आणि मग तेही भरून काढायला आणखी पुढचा माल ओढावा लागतो.

शेवटी गेलेला मेसेज असा होता. सुपरवायझरांच्या ग्रुपवर टाकला आणि छापून टाइम ऑफिसच्या बोर्डावर लावला:

'सर्वांना नमस्कार. जुलै ते सप्टेंबरमध्ये आपण २,४०० टनांऐवजी २,१६० टन माल पाठवला. २४० टन कमी पडले. याचा दिवाळीच्या बोनसशी संबंध नाही. बोनस ठरल्याप्रमाणे मिळेल.

यातले १०० टन नव्या भागाचे. मंजुरी येण्याआधीच तो टार्गेटमध्ये धरला होता, तो ऑफिसचा घाईचा अंदाज होता. ६० टन ग्राहकानं शेड्यूल कापल्यामुळे गेले. पुरामुळे फक्त १० टन गेले. रस्ता खुला झाल्यावर डिस्पॅचनं जादा गाड्या काढल्या नसत्या, तर हे ६० झाले असते.

उरलेले ७० टन जादा रिजेक्शनचे. मुख्य कारण: दमट हवेत तीन-चार दिवस पडून राहिलेले कोअर. शिफ्टच्या कोअर-संख्येवर इन्सेन्टिव्ह असल्यामुळे मोठे लॉट काढले जात होते. ही पद्धत ऑफिसनं लावलेली होती, ती बदलत आहोत.

येत्या सोमवारपासून प्रत्येक रॅकवर खडूनं तारीख लिहायची. दोन दिवसांपेक्षा जुना कोअर लाइनवर जाणार नाही, तो बाजूला काढायचा. हे आण्णा बघतील. इन्सेन्टिव्ह आता वापरलेल्या चांगल्या कोअरवर मिळेल. बॉक्स बदलण्याचा वेळ शिफ्टच्या वेळेतून वजा करू. कोअरच्या तारखेनुसार रिजेक्शन दर शनिवारी या बोर्डावर लागेल, ते क्वालिटी लावेल.

मंजुरीचं पत्र आल्याशिवाय नवा भाग टार्गेटमध्ये धरायचा नाही. शेड्यूलमधला पक्का भाग आणि अंदाजाचा भाग मार्केटिंग दर शुक्रवारी वेगळा करून देईल. रविवारच्या जादा शिफ्ट लावणार नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबरचा आकडा २,३०० टन. तो कसा काढला हे ज्यांना बघायचं आहे, त्यांनी प्लॅनिंगला यावं.'

बोनसची ओळ आधी मी शेवटी टाकली होती. मसुदा स्टोअरमधल्या एकाला वाचायला दिला, तर त्याची नजर सरळ खाली बोनस शोधत गेली आणि मधलं काही त्यानं वाचलंच नाही. म्हणून ती वर आणली.

आकडा बघायला सहाजण आले. त्यांना हिशेब दाखवला: जुन्या २,४०० मधून कापलेल्या शेड्यूलचे साठ वजा केले, आणि रिजेक्शन एकदम चारवर न आणता साडेपाच धरलं, त्याचे सुमारे पस्तीस वजा केले. नव्या भागाचे १२० टन तसेच ठेवले, कारण आता मंजुरी आहे. मोल्डिंगचा एक मुकादम म्हणाला, "म्हंजी रिजेक्शन लगीच कमी व्हनार न्हाई असं तुमी आधीच धरलंया." हो, धरलंय. ग्राहकाकडे पडलेला ऑगस्ट-सप्टेंबरचा माल अजून मशिनिंगला जायचा होता आणि त्यातली भोकं ऑक्टोबरच्या खात्यावर येणार होती. हे आधी सांगितलं नसतं, तर पहिल्याच महिन्याचा आकडा बघून खडूचा उपाय फसला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं असतं.

पहिले दोन आठवडे आण्णांचा माझ्यावर राग होता. बॉक्स बदलण्यात वेळ जायचा, आणि एकदा लाइन कोअरसाठी अर्धा तास उभी राहिली. मग त्यांनीच तोडगा काढला. सर्वात जास्त लागणारे दोन बॉक्स एका मशीनवर कायम ठेवले आणि बदलाबदल फक्त दुसऱ्या मशीनवर केली. पाऊण तासाचा बदलही पोरांनी अर्ध्या तासावर आणला, नट-बोल्टऐवजी क्लॅम्प लावून. मला हे सुचलं नसतं.

डिसेंबरअखेर रिजेक्शन साडेचारला आलं, टन २,३१० झाले. साहेबांना कोअरच्या नियमाचं यश म्हणून कळवायचं होतं. मी तिमाहीच्या मेसेजमध्ये लिहिलं की यातलं किती श्रेय नियमाचं आणि किती कोरड्या हवेचं, हे आत्ता सांगता येत नाही. हिवाळ्यात चार दिवसांचा कोअरही फारसा बिघडत नाही, त्यामुळे महिन्याच्या एकूण रिजेक्शनवरून काही कळणार नाही. शनिवारच्या बोर्डावरचे कोअरच्या वयाप्रमाणे लावलेले आकडे तेवढे बोलतील, आणि तेही पुढच्या जुलैत. तोपर्यंत रॅकवरची तारीख बंद करायची नाही, असं त्या मेसेजच्या शेवटी लिहून त्यापुढे आण्णांचं आणि क्वालिटीचं नाव घातलं.